सेफ म्हणजे नक्की कशापासून?

शेअर बाजार नको रे बाबा, म्हणून तुम्ही गिल्ट फंडात पैसे टाकता. सरकारी रोखे, म्हणजे बुडण्याचं टेन्शन नाही. आणि तरीही एक दिवस स्टेटमेंटवर उणे आकडा! ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो रेट ४ वरून ४.४० टक्के केला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर नेला. तेव्हा असा धक्का अनेकांना बसला. सरकारने तर एकही हप्ता चुकवला नव्हता. मग एनएव्ही का घसरली?

गोम अशी की बाँडचं व्याज आधीच ठरलेलं असतं. समजा, तुमच्याकडे दहा वर्षांचा, ७ टक्क्यांचा, १०० रुपयांचा बाँड आहे. उद्या बाजारात तसाच नवा बाँड ८ टक्के देऊ लागला, तर तुमचा जुना १०० ला कोण घेईल? तो साधारण ९३ रुपये ३० पैशांनाच विकला जाईल. हाच बाँड एका वर्षात संपणारा असता, तर नुकसान रुपयाच्या आतच राहिलं असतं. मुदत जितकी लांब, तितका फटका मोठा.

बाँड शेवटपर्यंत ठेवला तर १०० रुपये परत मिळतातच. पण फंडाला रोज बाजारभावाने एनएव्ही काढावी लागते, त्यामुळे घसरण लगेच दिसते.

ती किती असेल, हे आधी कळू शकतं. फंडाच्या फॅक्टशीटमध्ये ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ शोधा. तो आकडा ६.५ असेल आणि फंडातल्या रोख्यांचे दर अर्ध्या टक्क्याने वाढले, तर एनएव्ही साधारण सव्वातीन टक्के उतरते. पाच लाखांवर हे झाले १६,२५० रुपये. आता फंडातले रोखे साडेसात टक्के कमावत असतील, तर महिन्याला सुमारे तीन हजार जमा होतात. म्हणजे दर तिथेच थांबले तर खड्डा भरायला साडेपाच महिने, आणि फंडाचा खर्च धरला तर थोडे जास्तच.

एक लक्षात ठेवा, रेपो जितका वाढतो तितकेच लांब मुदतीचे दर वाढतील असं नाही. २०२२-२३ मध्ये रेपो अडीच टक्क्यांनी वाढला, दहा वर्षांच्या रोख्यांचे दर त्या मानाने कमीच.

तेव्हा तीन महिन्यांनी फ्लॅटचं डाउन पेमेंट भरायचं असेल, तर ६.५ ड्युरेशनचा फंड तुमच्यासाठी नाहीच. त्यापेक्षा ९१ दिवसांपर्यंतचे रोखे घेणारा लिक्विड फंड बरा. पैसे सहा-सात वर्षं लागणार नसतील, तर मात्र वाढलेले दर तुमच्याच पथ्यावर पडतात, कारण येणारं व्याज नव्या, चढ्या दराने गुंतवलं जातं. त्यामुळे फंड घेताना नावातलं ‘सरकारी’ वाचून थांबू नका. पैसे कधी लागणार ते वर्षांत लिहा आणि ड्युरेशनचा आकडा त्याच्या आत आहे ना, ते बघा.