फुलमणीच्या बाजूने

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधामुळे रक्तस्राव होऊन दगावली. तिचे वय दहाच्या वर असल्याने तेव्हाच्या दंडसंहितेप्रमाणे तो बलात्कार ठरेना. बेपर्वाईने गंभीर दुखापत केल्याबद्दल नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, एवढेच. बेहरामजी मलबारींची बालविवाहाविरुद्धची चळवळ आधीपासून चालू होतीच. या मृत्यूने तिला जोर आला आणि संमतिवय दहावरून बारा करणारे विधेयक १८९१च्या मार्चमध्ये संमत झाले. पुण्यात टिळक त्याच्या विरोधात उभे राहिले, आगरकर ‘सुधारका’तून बाजूने. सनातन्यांना आगरकरांचा इतका राग होता, की त्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली.

टिळकांनी बालविवाहाची तरफदारी केली नव्हती. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा समाजातून यावी, असे त्यांचे म्हणणे होते. मुलींची लग्ने सोळाच्या आत न करण्याचे बंधन सुधारकांनी स्वतःवर घ्यावे, असेही त्यांनी सुचवले. मला हे मत नैतिकदृष्ट्या चुकीचे वाटते. स्वेच्छेचे बंधन तोच बाप घेणार ज्याला ते आधीच पटले आहे. जो घेणार नाही, त्याच्या मुलीने काय करायचे? तरीही टिळकांचे तोंड बंद करणे अन्यायाचेच झाले असते. सहन करणे म्हणजे मान्य करणे नव्हे. ‘केसरी’चा अग्रलेख वाचून वाचक नकार देऊ शकत होता, आगरकर उत्तर देऊ शकत होते आणि देतही होते. फुलमणीला नकार देता येत नव्हता. माझ्या लेखी सहिष्णुतेची हद्द इथे संपते.

मग वाईट मतच का रोखू नये, कृत्य त्यातूनच जन्मते ना? जन्मते, हे खरे. एखाद्या माणसाच्या अंगावर जमाव सोडण्यासाठी बोललेले शब्द तर मी कृत्यच मानीन. पण मताच्या वाईटपणावर शिक्षा ठरू लागली की ती ठरवणार सत्ताधारी. १९०८ साली याच दंडसंहितेच्या राजद्रोहाच्या कलमाखाली टिळकांना लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले. १८९१च्या कायद्याने एकही अग्रलेख रोखला नव्हता. त्याने फक्त नवऱ्याचा हात रोखू पाहिला. तोही फारसा रोखला गेला नाही, कारण सासरी कोंडलेली अकरा वर्षांची मुलगी फिर्याद द्यायला जाणार कुठे? पुढे संमतिवय वाढत गेले, तरी पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला वेगळी सवलत कायद्यात राहिलीच. पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीपुरती ती काढायला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तोवर विवाहसंस्थेचा मान राखला गेला, पण त्याची किंमत मोजणाऱ्या मुलींना कोणी विचारले नव्हते.