बाराचा उंबरठा

लहान मुलांस घड्याळ वाचतां येऊं लागलें कीं लवकरच ‘किती वेळ लागला?’ अशा उदाहरणांची छापील पत्रिका त्यांच्या हातीं पडते. तींतील पुष्कळशीं उदाहरणें बिनचूक सोडविणारीं मुलेंही एका ठिकाणीं हमखास अडखळतात. तें ठिकाण म्हणजे बारा. माझ्या मतें हा दोष मुलांच्या आळसाचा नसून, आपण त्यांस घाईनें शिकविलेल्या उभ्या वजाबाकीचा आहे.

एक साधें उदाहरण घेऊं. गाडी सकाळीं १०-३५ वाजतां सुटली व दुपारीं २-२० वाजतां पोहोंचली. प्रवासास किती वेळ लागला? मुलगा दोन्ही आंकडे पाहतो, मोठ्यांतून लहान वजा करतो आणि ‘८ तास १५ मिनिटें’ असें लिहून मोकळा होतो. शिक्षक त्यावर तांबडी फुली मारतात. पण ही फुली मारण्यापूर्वी थोडें थांबावें. खरें उत्तर ३ तास ४५ मिनिटें आहे. त्यांत मुलाचे ८ तास १५ मिनिटें मिळविले तर बरोबर १२ तास होतात. हा योगायोग नव्हे. घड्याळाची तबकडी वाटोळी असल्यामुळें दोन वेळांमध्यें दोन वाटा असतात. मुलानें दोनांकडून साडेदहांकडे जाणारी वाट मोजली, आपण विचारली होती ती दुसरी. चुकीचें व बरोबर उत्तर मिळून बारा तास भरले, तर मुलानें वजाबाकी नीट केली असून केवळ दिशा चुकविली आहे, हें निश्चित ओळखावें.

ह्यावर ‘दुपारनंतरच्या वेळेंत बारा मिळवा’ असा नियम सांगण्याची चाल आहे. त्या नियमानें २-२० चे १४-२० होतात खरे. पण दुपारच्या १२-२५ चे २४-२५ होतात आणि मूल पुन्हा बुचकळ्यांत पडतें. शिवाय १४-२० मधून १०-३५ वजा करतांना तासाचा हातचा साठ मिनिटांचा न घेतां शंभराचा घेतला जातो व उत्तर ‘३ तास ८५ मिनिटें’ येतें. हें चुकीचें आहे हें निदान डोळ्यांस दिसतें. परंतु ११-५० ते २-०५ ह्या उदाहरणांत तीच चूक ‘२ तास ५५ मिनिटें’ असें साळसूद रूप घेते. खरें उत्तर २ तास १५ मिनिटें. चाळीस मिनिटांचा फरक दिसला कीं शंभराचा हातचा घेतला गेला, असें समजावें.

मग करावें काय? बारा हा उंबरठा मानून तेथें मुलास थांबूं द्यावें. १०-३५ पासून ११ पर्यंत २५ मिनिटें, ११ पासून १२ पर्यंत १ तास, आणि बारापासून पुढें २ तास २० मिनिटें. बेरीज ३ तास ४५ मिनिटें. ह्यांत हातचा घेणें नाहीं, कीं दिशा चुकणें नाहीं.

बारापासून पुढची मोजणी शून्यापासून होते, हें आपल्या मराठी भाषेनें पूर्वींच ओळखलें आहे. १२-४५ ला आपण ‘पाऊण वाजला’ म्हणतों. म्हणजे बारा हे शून्य धरून एका तासाचा तीन चतुर्थांश भाग लोटला. रात्रीं पाऊण वाजल्यापासून पहाटे सव्वाचारपर्यंत किती वेळ गेला, असें तोंडी विचारा. सव्वाचारांतून पाऊण गेला, राहिले साडेतीन तास. तेंच उदाहरण कागदावर १२-४५ व ४-१५ असें मांडलें कीं तेंच मूल साडेआठ तास लिहितें! (‘पावणेबारा’ व ‘पाऊण’ ह्यांचा घोटाळा मात्र आरंभींच निस्तरावा, पहिले ११-४५, दुसरे १२-४५.)

मध्यरात्रीची अडचण आणखी निराळी आहे. दुपारीं बारा वाजतां तारीख बदलत नाहीं, रात्रीं बदलते. आपल्या पंचांगांतील वार सूर्योदयापासून मोजला जातो, म्हणून घरांत सोमवारची रात्र पहाटेपर्यंत सोमवारचीच राहते. रेल्वेचें चोवीस तासांचें वेळापत्रक तसें मानीत नाहीं. तिकिटावर १५ तारीख व ००-१० ही वेळ असेल, तर १४ तारखेच्या रात्रींच स्टेशनावर असावयास हवें. १५ च्या रात्रीं सामान घेऊन जाणाऱ्या मोठ्या माणसांची गाडी चोवीस तासांपूर्वींच गेलेली असते. ह्याकरितां मध्यरात्र ओलांडणाऱ्या प्रत्येक उदाहरणांत वेळेशेजारीं वारही लिहून घ्यावा, असा माझा आग्रह आहे: सोमवार रात्रीं १०-३५ ते मंगळवार पहाटे ५-५०. बारापर्यंत १ तास २५ मिनिटें, पुढें ५ तास ५० मिनिटें, एकूण ७ तास १५ मिनिटें. पालकांनीं घरीं अशीं उदाहरणें घालावयाचीं झाल्यास, आठ-दहा पुरेत. त्यांतलीं निम्मीं तरी बारा ओलांडणारीं असावींत.