फोटोतला धूसर आठ

पुतणीने रात्री वहीतल्या तक्त्याचा फोटो पाठवला. दर दोन सेकंदांनी नोंदवलेला स्कूटरचा वेग, मीटर प्रति सेकंदात. "काका, आठ सेकंदांत स्कूटर किती गेली?"

मला दिसलेले आकडे: ०, ३.६, ६.४, ६.४, ९.६. फोटो हललेला, म्हणून आधी शेजारशेजारच्या आकड्यांतले फरक काढले: ३.६, २.८, ०, ३.२. वेग मध्येच थबकून पुन्हा उसळतो? चौथा आकडा ८.४ धरला, तर फरक ३.६, २.८, २.०, १.२ असे सारखे उतरत जातात. तिला वही पाहायला लावली. ८.४च होता.

आता समलंब नियम. दोन्ही टोकांच्या बेरजेचा निम्मा ४.८, मधले तीन पूर्ण १८.४. एकूण २३.२ गुणिले दोन सेकंद, म्हणजे ४६.४ मीटर.

यात चूक किती? एक आड एक आकडा घेऊन, चार सेकंदांच्या पट्ट्यांनी हेच केलं तर ४४.८ येतात. पट्टी निम्मी केली की चूक साधारण चौथाई होते. म्हणजे दोन उत्तरांतला १.६ चा फरक हा उरलेल्या चुकीच्या तिप्पट, चूक ०.५ मीटरच्या आसपास. तीही कमी पडण्याची, कारण आलेख वर फुगलेला आहे आणि आपल्या सरळ रेषा त्याच्या खालून जातात. उत्तर ४६.९ च्या जवळ.

पण वेग एकाच दशांश स्थळापर्यंत दिलाय. प्रत्येक आकडा ०.०५ ने इकडेतिकडे असू शकतो, आठ सेकंदांत फार तर ०.४ मीटर. म्हणून तिला "सुमारे ४७ मीटर" लिहायला सांगितलं. तो ६.४ तसाच घेतला असता, तर ४२.४ आले असते.