चित्रांकडे पाठ फिरवून

गेल्या वर्षीं एका चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनास जाण्याचा योग आला. निमंत्रणपत्रिकेवर साडेपांचची वेळ होती. प्रमुख पाहुणे सव्वासहाला आले. तोंपर्यंत फीत कापावयाची असल्यामुळें दार बंद, आणि आम्ही सारे व्हरांड्यांत. आंत गेलों तों दालनाच्या मध्यभागीं खुर्च्यांच्या आठ रांगा, समोर व्यासपीठ आणि व्यासपीठामागें कार्यक्रमाचा भलामोठा फलक. त्या फलकाखालीं एक चित्र अर्धें झांकून गेलें होतें. उरलेलीं बहुतेक चित्रें आमच्या पाठीमागें होतीं. परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनीं चित्रकाराचें जन्मगांव, गुरु, पारितोषिकें आणि परदेशगमन यांचें सविस्तर वर्णन केलें. भिंतीवरच्या एकाहि चित्राचें नांव घेतलें नाहीं. भाषणें संपलीं, चहा आला, आणि एक बाई चित्रकारास म्हणाल्या, "कार्यक्रम फार सुंदर झाला हं!" तो बिचारा हंसला. दुसरें तो काय करणार?

परिचय करून देणें ही गोष्ट वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. तो कोणाचा करून द्यावयाचा, याचा आपणांस विसर पडला आहे, एवढेंच म्हणणें आहे. चित्रकार समोर उभा असतो, तेव्हां त्याची ओळख आपोआप होते. ओळख करून द्यावी लागते ती त्याच्या चित्रांची. आणि ती ऐकण्यापूर्वीं पाहावी लागते.

एक उदाहरण घेऊं. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचें प्रदर्शन आहे आणि परिचयाचें काम तुमच्याकडे आलें आहे, असें समजा. चरित्राचें टिपण सहज तयार होतें : १९२४ सालीं नागपुरास जन्म, घराणें मूळचें गोव्याचें, १९४८ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका, १९६४ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्क, १९७१ सालीं पद्मश्री, २००१ सालीं निधन. यावर आजकालचा वक्ता आणखी एक गोष्ट हमखास सांगतो : २०१५ सालीं मुंबईच्या लिलावांत त्यांचें एक चित्र एकोणतीस कोटींहून अधिक रुपयांस गेलें. सभेंत "अबब" असा उद्गार निघतो, आणि त्या क्षणापासून प्रत्येकजण भिंतीवर चित्र न पाहतां कोटी मोजूं लागतो.

आतां तींच चित्रें वक्त्याच्या आधीं पाहावयास मिळालीं, तर काय होईल? प्रथम फारसें कांहींच होत नाहीं, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. बाहेरच्या उन्हांतून आंत आलेल्या डोळ्यांस दालनाच्या मंद उजेडाची संवय होण्यास पांच-दहा मिनिटें लागतात, आणि गायतोंड्यांच्या उत्तरकालीन चित्रांतील छटा एकमेकींच्या इतक्या जवळ असतात कीं तेवढा वेळ गेल्याविना त्यांतील भेद डोळ्यास कळतच नाहीं. पहिल्या मिनिटास केवळ एक करडा किंवा तांबूस पडदा दिसतो. मग त्या पडद्यावर कांहीं आकार तरंगत असल्याचा भास होतो. जवळ गेलें म्हणजे तो कसा घडविला आहे तें दिसूं लागतें : रंग कुंचल्याऐवजीं बहुधा रुळानें आणि पॅलेटच्या सुरीनें लावलेला, एका पातळ थरावर दुसरा, मधूनच खरवडून काढलेला, आणि फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांनीं उमटविलेला किंवा उचललेला. बाजूस सरकून तिरप्या उजेडांत पाहिलें तर या थरांच्या कडा उठून दिसतात. समोर उभें राहून त्या दिसत नाहींत, आणि खुर्चींत बसून तर नाहींतच.

अशा वेळीं वक्ता आधीं उभा राहिला आणि "हा समुद्र आहे" असें म्हणाला, कीं खेळ आटोपला. कांहीं चित्रांत आडवी, क्षितिजासारखी एक रेघ आहे हें खरें. पण चित्रकारानें पुढील काळांत चित्रांस नांवेंच दिलीं नाहींत, केवळ "शीर्षकरहित" म्हटलें. वक्त्यानें नांव दिलें कीं शंभर माणसें शंभर चित्रांत लाट शोधूं लागतात. सांपडली तर समाधानानें पुढें जातात, न सांपडली तर चित्रकार फसवतो आहे असें समजतात. आधीं ऐकलेला शब्द डोळ्यापुढें असा आडवा उभा राहतो कीं मागून पाहणारास तो दूर सारणें कठीण जातें. मागून ऐकलेला शब्द मात्र पाहिलेल्याशीं ताडून पाहतां येतो. साऱ्या वादाचें मूळ एवढेंच आहे.

आमचे आयोजक म्हणतील कीं लोकांना मोकळें सोडलें तर ते पाहतात तरी कोठें? यांत तथ्य आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील प्रेक्षकांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत एका चित्रापुढें माणूस सरासरीनें सत्तावीस सेकंद थांबत असल्याचें आढळलें, आणि त्या वेळांत शेजारची पाटी वाचणेंहि आलें. पण यावरून पाऊण तासाच्या भाषणाचें समर्थन कसें होतें, हें मला उमगत नाहीं. सत्तावीस सेकंदांचीं चार मिनिटें व्हावीत एवढेंच परिचयकर्त्याचें काम, आणि तें दारापाशींच, पाहण्याच्या आधीं, दोन-तीन वाक्यांत होतें. तो इतकेंच सांगेल : "प्रत्येक चित्र आधीं खोलीच्या पलीकडून पाहा, मग हातभर अंतरावरून, मग बाजूनें. सारीं पाहूं नका, तीन निवडा. अर्ध्या तासानें आपण येथेंच बोलूं." यांत समुद्र नाहीं, पद्मश्री नाहीं आणि कोटीहि नाहींत. तीं मागून सांगावयास हरकत नाहीं, तोंवर लोकांना विचारण्यासारखें कांहीं सुचलेलें असतें, आणि "हा रंग खरवडला कशानें?" असा प्रश्न एखाद्या मुलानें केला म्हणजे परिचय खरा सुरू होतो.

याला मर्यादाहि आहेत. एका चित्रापुढें एकदम दहा-बारांहून अधिक माणसें उभीं राहिलीं तर मागच्यांस डोकींच दिसतात. म्हणून गर्दीस एकाच चित्रापुढें नेऊन व्याख्यान देणें हाहि उपाय नव्हे, तिला पांगवावीच लागते. तसेंच सर्व चित्रें सारखीं नसतात. रविवर्म्याचा शंतनु आणि मत्स्यगंधा आपल्या घरांतील कोणासहि सांगावी लागत नाहीं. पण परक्या देशाच्या पुराणांतील प्रसंग असेल तर ती कोण आणि रडते कां, हें आधीं कळलेलें बरें. तेथें दोन वाक्यें अधिक बोलावीं.

राहिला प्रश्न पाहुण्यांचा. पाहुणे नसतील तर वर्गणी मिळत नाहीं, वर्तमानपत्रांत दोन ओळी येत नाहींत, हें मलाहि ठाऊक आहे. पाहुण्यांना अवश्य बोलवावें. केवळ त्यांच्यासाठीं दार अडवूं नये. पत्रिकेवर "चित्रें साडेपांचपासून, भाषणें साडेसहाला" असें दोन ओळींत छापावें. पाहुणे सव्वासहास आले तर त्यांनाहि पाव तास पाहावयास मिळेल, आणि कदाचित् भाषणांत एखाद्या चित्राचा उल्लेख येईल. खुर्च्या साडेसहापर्यंत मिटून भिंतीबाहेर ठेवाव्यात, कारण मधोमध खुर्च्या मांडल्या कीं मोठ्या चित्रापासून मागें सरण्यास जागाच उरत नाहीं. समई दालनांत कागदावरील चित्रांजवळ न ठेवतां दाराशीं ठेवावी, म्हणजे तिच्या काजळीचा त्यांस उपद्रव होणार नाहीं. आणि फलक टांगावयाचाच असेल तर तो व्हरांड्यांत टांगावा. तेथें कोणाचें चित्र झांकलें जात नाहीं.