शेततळ्यात बुडालेलं सिम आणि अडकलेली मजुरी

मागच्या आठवड्यात आमच्या आळ्यातल्या एका काकांचा फोन शेततळ्यात पडला. मोटार चालू करायला वाकले, वरच्या खिशातला मोबाईल सुळकन घसरला आणि प्लास्टिकच्या कागदावरून थेट तळाशी. पंधरा-वीस फूट पाणी, काढणार कोण? फोन जुनाच होता, त्याचं काकांना फार दुःख नव्हतं. पण कांदा लागवडीची टोळी शेतात होती आणि मुकादमाला शनिवारपर्यंत अठरा हजार द्यायचे होते. गेली दोन-तीन वर्षं काका मजुरी मोबाईलवरूनच देतात.

मंगळवारी सकाळी त्यांनी पोराच्या फोनवरून मला फोन केला. "अरे, तू पेपरात लिहितोस ना या ऑनलाईनचं? माझे पैसे गेले का रे पाण्यात?"

पैसे गेले नव्हते. पैसे बँकेत असतात, फोनमध्ये नसतात. पण ते मोबाईलवरून परत वापरता यायला शनिवार उजाडला. या पाच दिवसांत काय काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण हे उद्या तुमच्या घरातही होणार आहे. आणि या अडचणीचं खापर आपण चुकीच्या ठिकाणी फोडतो असं माझं मत आहे.

आधी मुळातली गोष्ट. पैसे पाठवायचं ॲप नव्या फोनमध्ये टाकलं की ते सगळ्यात आधी एक मेसेज पाठवतं. तुम्हाला येतो तो ओटीपी नव्हे. तुमच्या फोनमधून, तुमच्या सिमवरून, तुमचे एक-दीड रुपये खर्च करून बाहेर जाणारा मेसेज. त्यात अगम्य अक्षरांची एक माळ असते. तो मेसेज बँकेच्या बाजूला पोचला की ती बाजू एकच गोष्ट बघते, तो कोणत्या नंबरवरून आला. हा नंबर ॲप लिहीत नाही, तुम्ही टाईप करत नाही, तो मोबाईल कंपनीचं नेटवर्क लावतं. तो नंबर खात्याला जोडलेल्या नंबरशी जुळला की बँक नोंद करते की हा हँडसेट, हे सिम आणि हे खाते एकत्र. यूपीआय २०१६ साली सुरू झालं तेव्हापासून पद्धत हीच आहे. आयफोनवाल्यांना तो मेसेज स्वतः 'सेंड' दाबून पाठवावा लागतो, बाकीच्या फोनमध्ये ॲप परवानगी घेऊन परस्पर पाठवतं, एवढाच फरक.

बाहेर जाणारा मेसेजच का? कारण आलेला ओटीपी माणूस फोनवर वाचून दाखवतो. "सर, फक्त चार आकडे सांगा" म्हणणाऱ्याला आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांनीही आकडे सांगितलेत. पण झारखंडात बसलेला भामटा तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये टाईप करून तुमच्या सिमवरून मेसेज पाठवू शकत नाही. सिम तुमच्या खिशात आहे. त्याच्या फोनमधून मेसेज गेला तर नंबर त्याचाच दिसणार. म्हणून सिम बदललं, काढलं किंवा फोन बदलला की ॲप पुन्हा पहिल्यापासून ओळख विचारतं. ते त्रास द्यायला नाही. फोन बदलणारा तो तुम्हीच का, हे कळायचा बँकेकडे तेवढाच एक मार्ग असतो.

आता काकांचं बघू.

मंगळवारी आळेफाट्याच्या दुकानात डुप्लिकेट सिम मागितलं. दुकानदाराने नंबर टाकला आणि म्हणाला, "काका, हे सिम तुमच्या नावावर नाही." ते निघालं भाच्याच्या नावावर. सहा-सात वर्षांपूर्वी भाच्याने आपल्या आधारवर घेऊन मामाला दिलं होतं, तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाचा चाकणला कंपनीत. त्याला सुट्टी गुरुवारी. म्हणजे मंगळवार, बुधवार गेले.

गुरुवारी भाचा आला, फोटो-आधार झालं, दुपारी दोनला सिम चालू झालं. कॉल लागला, सगळे खुश. ॲप टाकलं, मेसेज गेला नाही. पुन्हा केलं, नाही. रात्री नऊपर्यंत पोराने इतक्या वेळा केलं की ॲपनेच सांगितलं, आता नंतर प्रयत्न करा. घरात सगळ्यांचं एकमत झालं, बँकेचा सर्व्हर डाऊन.

सर्व्हर डाऊन नव्हता. डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले चोवीस तास त्यावरून मेसेज जातही नाही आणि येतही नाही, कॉल मात्र होतात. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपन्यांना तसा आदेश दिलाय. आणि त्याला कारणही तसंच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीमच्या एका व्यापाऱ्याला मध्यरात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी बघतात तर सिम बंद आणि खात्यातून एक कोटी शहाऐंशी लाख गेलेले. कुणीतरी त्यांच्या नंबरचं दुसरं सिम काढलं आणि बँकेचे मेसेज त्याच्याकडे जायला लागले. चोरट्याला फक्त रात्रीचे काही तास हवे असतात. चोवीस तास मेसेज बंद ठेवले तर खऱ्या मालकाला "माझं नेटवर्क कुठं गेलं?" हे कळायला वेळ मिळतो. म्हणून सांगून ठेवतो. शेजाऱ्याच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्याच सिमची अचानक पूर्ण गायब झाली, तर टॉवरला शिव्या देत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारा की नवीन सिम किंवा ई-सिम निघालंय का. निघालं असेल तर लगेच बँक आणि १९३०.

माझी तक्रार नियमाबद्दल नाहीच. तक्रार ही की गुरुवारी दोन वाजता सिम हातात देताना "उद्या दोनपर्यंत मेसेज बंद राहतील" हे एक वाक्य कुणी बोललं नाही. काउंटरवर ऑफरचे चार बोर्ड आहेत, हा एक नाही.

शुक्रवारी दुपारी मेसेजची चोवीस तासांची वेळ संपली, तरी ॲप अडलंच. नवीन फोन दोन सिमचा. पोराने पहिल्या खणात इंटरनेटसाठी दुसरंच सिम घातलेलं. ॲपने विचारलं कोणतं सिम, याने घाईत पहिलं दाबलं. मेसेज गेला, पण भलत्याच नंबरवरून. ॲप म्हणालं खाते सापडलं नाही. काकांच्या पोटात पुन्हा गोळा! बरोबर सिम निवडल्यावर दोन मिनिटांत खाते दिसलं आणि जुना पिनही चालला. तो पिन फोनमध्ये नसतो, बँकेकडे असतो. पण मुकादमाला अठरा हजार पाठवायला गेले तर नकार. नवीन हँडसेटवर पहिले चोवीस तास पाच हजारांच्या वर सोडत नाहीत. म्हणजे शनिवार दुपार.

मुकादमाचं काय झालं? त्याला शुक्रवारी सकाळीच रोख दिली. मीच काकांना म्हटलं, पासबुक घ्या, शाखेत जा, स्लिप भरा. ते क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. शाखा फाट्यावरच आहे आणि अजून पैसे देते, हे आपण इतक्या लवकर विसरलो.

आता माझं मत सांगतो. ही सगळी व्यवस्था एक गोष्ट धरून चालते. एक माणूस, त्याच्या नावाचं एक सिम, त्याचंच खाते. आपल्याकडं तसं आहे का? माझ्या ओळखीत अशी घरं आहेत जिथं आजीच्या खात्याला नातवाचा नंबर आहे, कारण खाते काढताना तो सोबत होता. वारलेल्या वडिलांच्या नावावरचं सिम आई वापरते. भावकीत वाद झाला तर एका भावाच्या खात्याची चावी दुसऱ्याच्या नावाच्या सिममध्ये असते. रोज चालतंय तोवर कुणाला कळत नाही. सिम हरवलं की त्या दिवशी कळतं, आणि त्या दिवशी बँक काही करू शकत नाही, कारण मोबाईल कंपनी फक्त ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच ओळखते.

दुसरा प्रकार आणखी वाईट. रिचार्ज महागले म्हणून बँकेचं सिम लोक नुसतं ठेवून देतात. आधी त्यावरून मेसेज जाणं थांबतं, मग नंबरच बंद होतो. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे मेसेज कुण्या अनोळखी माणसाला. एप्रिल २०२५ पासून असे बंद झालेले नंबर दर आठवड्याला तपासून काढायला बँकांना आणि ॲपवाल्यांना सांगितलंय, ते चांगलंच. पण मूळ खात्यावरचा नंबर बदलायला तुम्हालाच शाखेत जावं लागतं. फक्त खात्यापुरतं सिम ठेवायचं असेल तर इंटरनेट नसलेले, नुसते कॉल-मेसेजचे प्लॅनही मिळतात, ते दुकानदार आपणहून सांगत नाही.

आणि सिमचं हे कुलूप किती पक्कं, तेही सांगायला हवं. चोराला सिम मिळत नाही म्हणून तो आता मेसेजच तुमच्याकडून पाठवून घेतो. "सर, रिफंडसाठी हा मेसेज या नंबरवर फॉरवर्ड करा." मेसेजमध्ये अगम्य अक्षरांची माळ. ती त्याच्या फोनमधल्या ॲपने तयार केलेली असते, आणि तुमच्या सिमवरून ती गेली की बँक त्याचा फोन तुमचा समजते. दुसरा मार्ग म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी पीएम किसान किंवा चलनाच्या नावाची एपीके फाईल. ती टाकताना मेसेजची परवानगी दिलीत की मेसेज पाठवायचं कामही तीच करते, तुम्हाला दिसतही नाही. पुढे पिन किंवा कार्डाचे आकडे काढायचं काम राहतं, ते बोलून काढतात. त्यामुळे पैसे पाठवण्याच्या ॲपने स्वतः मागितल्याशिवाय असला मेसेज कुठेही पाठवायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलो.

  वापरातलं सिम काकांच्या नावावर करायला भाच्याची संमती हवी, म्हणजे पुन्हा गुरुवार. काकूंच्या खात्याला मात्र पोराचाच नंबर होता, तो बदलायचा अर्ज सोमवारी शाखेत दिलाय. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, मेसेज येईल. अजून आलेला नाही.