वीज गेली, जनरेटर लावला. पण ठेवला कुठे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि कोकणातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी छोटा पेट्रोल जनरेटर मोठा आधार ठरतो. मात्र तो बहुतेकदा पडवीत, जिन्याखाली किंवा मागच्या दाराशी ठेवलेला दिसतो. कारण साधे आहे: वायर आखूड असते आणि बाहेर पाऊस असतो.

धोका नेमका कशाचा?

पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येत नाही म्हणजे हवा चांगली, हा समज म्हणूनच घातक आहे. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. खिडक्या उघडल्या किंवा पंखा लावला तरी पडवीतला वायू दार-खिडक्यांतून घरातच ओढला जाऊ शकतो.

मग ठेवायचा कुठे?

घरापासून किमान २० फूट, म्हणजे सहा मीटर दूर, उघड्या अंगणात. धूर सोडणारे तोंड घराकडे नको आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. पावसासाठी चारही बाजू मोकळ्या ठेवून वर पत्रा पुरतो. ताडपत्रीने गुंडाळणे चुकीचे. फ्रीज, दोन पंखे आणि दिवे यांसाठी एक केव्हीएचा जनरेटर असेल, तर अर्थिंगसह तीन तारांची, दीड चौरस मिलिमीटरची, बाहेर वापरण्याजोगी दहा मीटर वायर घ्यावी. जनरेटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. खरे तर विक्रेत्यांनी ही वायर जनरेटरसोबतच द्यायला हवी. कारण जनरेटरची जागा शेवटी वायरची लांबीच ठरवते.

फ्लॅटमध्ये मात्र बाल्कनी, डक्ट किंवा जिना यांपैकी एकही जागा सुरक्षित नाही. तिथे इन्व्हर्टरच बरा.

ओळखायचे कसे?

डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे. पण ताप नाही. घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी असे होऊ लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर संशय पक्का समजावा. कोविडकाळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, त्यामुळे रुग्ण गंभीर असतानाही तो ९८ दाखवू शकतो. स्वयंपाकाच्या गॅसची गळती सांगणारा अलार्मही इथे उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो.

लक्षणे दिसताच आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावे, मग १०८ वर फोन करावा. घरात जनरेटर चालू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. झोपलेल्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही. म्हणूनच रात्री झोपण्याआधी पडवीतला जनरेटर अंगणात न्यावा, नाहीतर बंद करावा.