शब्द वेगळे, पत्ता एकच

पावसाळ्यात जालना जिल्ह्यातील कापूस-सोयाबीनच्या शेतांत सर्पदंशाचा धोका वाढतो. त्यावेळी घरचा माणूस मोबाइलवर शोधतो तो ‘साप चावला, काय करायचे?’ असे लिहून. आरोग्य माहितीपत्रकाचे शीर्षक मात्र ‘सर्पदंश : प्रथमोपचार’ असते. अर्थ तोच, पण शब्द एकही जुळत नाही. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या जुन्या शोधयंत्रणेला हे पत्रक सापडणार नाही. ही अडचण ज्या तंत्राने सुटते, त्याला ‘एम्बेडिंग’ म्हणतात. ते समजण्यासाठी जिल्ह्याचा नकाशा पुरेसा आहे.

गावांच्या अकारविल्हे यादीत अंबड आणि अंबरनाथ अगदी शेजारी येतात. प्रत्यक्षात एक जालना जिल्ह्यात, दुसरे ठाणे जिल्ह्यात. अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक. उलट अंबड आणि घनसावंगी हे शेजारचे तालुके यादीत लांब पडतात. नकाशावर मात्र प्रत्येक गावाला अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे असतात. जालना शहराचे आकडे साधारण १९.८ आणि ७५.९, बदनापूरचे १९.९ आणि ७५.७. नावे वाचली नाहीत तरी दोन्ही गावे जवळ आहेत, हे आकडेच सांगतात.

एम्बेडिंग म्हणजे वाक्याला अर्थाच्या नकाशावर दिलेला असाच पत्ता. अर्थाला दोन आकडे पुरत नाहीत, म्हणून ते शेकड्यांनी असतात. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये मराठी वाक्यांसाठी ‘महाएसबर्ट’ हे मॉडेल खुले केले. ते प्रत्येक वाक्याला ७६८ आकड्यांचा पत्ता देते. हे आकडे कोणी हाताने भरत नाही. एकसारख्या सोबतीत येणारे शब्द एकसारख्या अर्थाचे असतात, हे मॉडेल प्रचंड मजकुरातून शिकते. मग वाक्यांच्या जोड्या दाखवून समान अर्थाची वाक्ये जवळ ओढली जातात आणि वेगळ्या अर्थाची दूर ढकलली जातात.

जवळीक मोजतात ती बहुधा दिशेवरून. समजण्यापुरते दोनच आकडे घेऊ. ‘साप चावला’ (६, ८), ‘सर्पदंश’ (८, ६) आणि ‘जेवणाचे पान’ (८, -६) असे पत्ते मानू. प्रत्येक बिंदू उगमापासून १० अंतरावर आहे. पहिल्या दोघांचे आकडे क्रमाने गुणून बेरीज केली तर ४८ + ४८ = ९६ येते; तिला १० × १० ने भागले की ०.९६. एकच दिशा असती तर उत्तर १ आले असते. ‘साप चावला’ आणि ‘जेवणाचे पान’ यांची बेरीज ४८ - ४८, म्हणजे शून्य. शोधयंत्रणा प्रश्नाचा पत्ता काढते, साठवलेल्या पत्रकांच्या पत्त्यांशी असा ताडून पाहते आणि सर्वांत जवळची पत्रके पुढे ठेवते.

खरी कसोटी यापुढे आहे. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सापाचे नाव घेणे टाळतात आणि ‘पान लागलं’ असे म्हणतात. मॉडेल शिकले त्या मजकुरात हा प्रयोग क्वचितच आला असेल, तर ते या वाक्याला झाडाच्या किंवा विड्याच्या पानाशेजारी बसवील. सर्वांत जवळचे काहीतरी नेहमीच सापडते, त्यामुळे यंत्रणा गप्प न राहता विड्याच्या पानांची माहिती देईल. म्हणून जवळिकीची किमान मर्यादा ठरवावी लागते आणि त्याखाली ‘माहिती सापडली नाही’ असे स्पष्ट सांगावे लागते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ‘दंशाची जागा कापावी’ आणि ‘दंशाची जागा कापू नये’ ही वाक्ये या नकाशावर बहुधा जवळजवळच पडतात, कारण विषय एकच आणि बहुतेक शब्दही तेच. नकाशा विषय ओळखतो. सल्ला बरोबर की चूक, हे ओळखत नाही. त्यामुळे साठ्यात डॉक्टरांनी तपासलेलीच पत्रके हवीत.

अशी यंत्रणा गावात वापरण्याआधी आशा सेविकांकडून लोकांच्या तोंडचे शंभरेक प्रश्न जमवावेत आणि योग्य पत्रक पहिल्या तिनांत किती वेळा येते, हे मोजावे. जे प्रश्न चुकतील, त्यांतील बोलीशब्द पत्रकातच लिहावेत. ‘सर्पदंश’ या शीर्षकाखाली ‘साप चावणे, पान लागणे’ एवढी एक ओळ घातली, तरी पत्ता बराच सुधारतो. आणि त्या पत्रकाची पहिली सूचना एकच असावी : कापू नका, आवळून बांधू नका, १०८ ला फोन करून रुग्णाला थेट रुग्णालयात न्या.